लोणच्याची बरणी, चकलीचा पाऊच: सामान बाजारातून, ऑनलाइन की थेट कारखान्यातून?

घरून लोणची आणि चकली विकायला सुरुवात केलेल्या मैत्रिणी मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: बरण्या स्वस्त कुठे मिळतात? मी उलट विचारते, तीच बरणी तीन महिन्यांनी पुन्हा मिळेल का? स्वस्त बरणी मिळवणं फार अवघड नाही. तिच्यावर बसणारं झाकण पुढच्या खेपेला मिळेलच याची खात्री नसते, आणि सामान कुठून घ्यायचं ते मी त्यावरूनच ठरवते.

हे मला चांगलंच महागात पडून कळलं. पहिल्या शंभर काचेच्या बरण्यांची झाकणं मला जास्तीची हवी होती. मूळ दुकानात ती संपली होती, म्हणून दुसऱ्या दुकानातून घेतली. व्यास तोच, रंग तोच, हाताने फिरवली तर बसतही होती. नाशिकला पाठवलेल्या खोक्यात तीन बरण्या पाझरल्या. तेल लेबलांवर उतरलं आणि घरच्या प्रिंटरवर छापलेली शाई पसरून गिऱ्हाइकाला तारीखही वाचता येईना. झाकणाच्या आतले आटे काचेच्या आट्यांशी जेमतेम जुळत होते, इतकंच काय ते चुकलं होतं. आता नवी खेप आली की पाच बरण्यांत पाणी भरते, झाकण लावते आणि रात्रभर कागदावर उलट्या ठेवते. सकाळी कागद कोरडा असला तरच पुढचं काम.

काच की पेट

अडीचशे ग्रॅम कैरीच्या लोणच्याचं उदाहरण घेऊ. काच तेल, मीठ, आंबटपणा सगळं सोसते आणि हवा आत येऊ देत नाही. पण घरगुती लोणच्यात पहिल्यांदा बिघडतं ते बहुधा पत्र्याचं झाकण. त्याच्या आतला लेप खरवडला गेला की मीठ आणि आंबटपणा मिळून तो भाग गंजवतात. म्हणून झाकण घेताना आत बोट फिरवून पाहा. लेप अखंड हवा आणि कडेची रबरासारखी मऊ पट्टी सगळीकडे सारख्या जाडीची हवी.

पेटची, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकची, बरणी हलकी असते, फुटत नाही आणि तिला इंडक्शन सील लावता येतं. झाकणात आधीच बसवलेली फॉइलची चकती असते, तिच्यावर हातातलं यंत्र धरलं की चकती बरणीच्या तोंडाला चिकटते. चकती बरणीच्याच प्लास्टिकला चिकटणारी हवी, म्हणून बरणी, झाकण आणि चकती एकाच दुकानातून घ्या. पत्र्याच्या झाकणावर हे यंत्र चालत नाही, कारण फॉइलऐवजी पत्राच तापतो. पेटमध्ये गरम फोडणी मात्र ओतू नका. साधारण सत्तर अंशांच्या आसपास ही बरणी मऊ पडून वाकडी होते. लोणचं पूर्ण थंड झालं की मगच भरा.

कुरिअरचा हिशेब वेगळा. माझ्या काचेच्या बरणीचं वजन साधारण १८० ग्रॅम आहे. लोणचं २५० आणि खोकं, बबल रॅप मिळून आणखी १२०, म्हणजे ५५० ग्रॅम. बहुतेक कुरिअर अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे लावतात, त्यामुळे ५० ग्रॅमसाठी दुसरा टप्पा भरावा लागतो. पेटची बरणी २५ ग्रॅमच्या आसपास असते, तिच्यात तेच पार्सल अर्ध्या किलोच्या बरंच आत राहतं. म्हणून माझा पायंडा असा: गावात, हातोहात किंवा प्रदर्शनात विकायचं असेल तर काच, टपालाने जाणारं पेटमध्ये. एकच प्रकार ठेवायचा असेल तर गिऱ्हाईक कुठे आहे ते आधी बघा.

चकलीच्या पाऊचला मशीन कोणतं

चकलीचे शत्रू दोन, ओल आणि हवा. ओल शिरली की ती मऊ पडते. हवा आणि उजेड लागला की तळणीचं तेल खवट होतं. साधी पातळ पॉलिथिनची पिशवी ओल बऱ्यापैकी अडवते, पण हवा फारशी अडवत नाही. म्हणून पाऊच लॅमिनेटचा घ्या, म्हणजे दोन-तीन थर एकत्र केलेला. चांदीसारख्या लेपाचा असेल तर उजेडही अडतो, पण गिऱ्हाइकाला माल दिसत नाही. मी पुढून पारदर्शक खिडकीचा घेते आणि तो उन्हात ठेवू नका असं सांगते. पाऊच ठरवायला जाताना चकली सोबत न्या. दोनशे ग्रॅम चकलीला जेवढी जागा लागते तेवढ्या जागेत दोनशे ग्रॅम लाडू निम्मा पाऊच रिकामा ठेवून बसतात. वजनावरून पाऊचचा आकार ठरवता येत नाही.

आता मशीन. घरी चार पर्याय समोर येतात, पण त्यातला एक आधीच बाद करा. घरगुती व्हॅक्यूम मशीन चकलीचा चुरा करतं, आणि बाहेरून हवा ओढणाऱ्या मशीनला नक्षीदार पिशवीच लागते, गुळगुळीत पिशवीतून हवा निघत नाही. लोणच्यात ते तेलही ओढून घेतं.

उरले हातदाबाचं सीलर, पायाने चालणारं आणि पट्ट्याचं सलग चालणारं. दिवसाला पन्नास-साठ पाऊच असतील तर बारा इंची हातदाबाचं पुरेसं आहे. आठ इंची स्वस्त पडतं, पण पाऊच थोडा रुंद झाला की टोकं राहून जातात. घेताना तारेची रुंदी विचारा. दोन मिलिमीटरच्या तारेने सील रेघेसारखं पडतं, पाच मिलिमीटरचं रुंद पडतं आणि लॅमिनेट पाऊचला तेच बरं. पायाच्या मशीनने दोन्ही हात मोकळे राहतात, हाच त्याचा खरा फायदा. पट्ट्याचं मशीन मात्र दिवसाला काही शे पाऊच निघत नसतील तर अडगळ आहे. ते तापायला वेळ घेतं आणि बरीच जागाही अडवतं.

हातदाबाच्या मशीनवर नवशिक्याची एक चूक ठरलेली. दिवा विझला की लगेच दांडा उचलतात. सील तयार होतं ते तापताना नाही, थंड होताना. दिवा विझल्यावर मनात एक-दोन-तीन म्हणा आणि मग उचला. उष्णता कमी-जास्त करायची आकड्यांची चकती पाऊच बदलला की पुन्हा फिरवून लावावी लागते. कमी उष्णतेला सील ओढलं की सुटतं, जास्तीला ते तपकिरी होऊन कडेला फाटतं. पाऊचच्या तोंडाला चकलीचं पीठ किंवा तेलाचा थेंब लागला तर सील धरतच नाही. म्हणून भरताना रुंद नरसाळं वापरा आणि तोंड कोरड्या फडक्याने पुसा. दोन्ही बाजूंनी आत दुमडलेल्या पाऊचला वर चार थर येतात आणि जिथे चाराचे दोन होतात तिथे बारीक छिद्र राहतं. खाली बूड असलेल्या स्टँडी पाऊचला वर फक्त दोन थर असतात, त्यामुळे घरच्या मशीनला तोच सोपा जातो. तपासायला रिकामा पाऊच हवा भरून सील करा आणि बादलीत दाबा. बुडबुडा आला की चकती थोडी पुढे करा.

लेबल: छापण्याआधी थांबा

लेबल तीन प्रकारे मिळतं: घरी छापून, जवळच्या डिजिटल प्रेसमधून किंवा रोलचे कारखानदार हजारोंच्या संख्येत छापून देतात त्यातून. पहिल्या वर्षी मधला रस्ता धरा. घरची इंकजेट शाई तेलाला टिकत नाही, हे वर आलंच. हजारो लेबलं एकदम छापणं एका कारणाने धोक्याचं असतं: मजकूर बदलतो. पत्ता, मसाल्याचं प्रमाण, अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, यातलं काहीही बदललं की सगळी रद्दी. नोंदणी क्रमांक हातात आल्याशिवाय छापू नका.

प्रेसमध्ये कागदी स्टिकर आणि न फाटणारं प्लास्टिकचं स्टिकर, असं दोन्ही मिळतं. लोणच्याला दुसरं घ्या, कारण तेलाचे हात लागणारच. चकलीला चांगला कागदही चालतो. नमुना बरणीला लावून फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढा, ओलाव्याने कोपरा उठतो का ते बघा.

मजकुरात पदार्थाचं नाव, उतरत्या प्रमाणात घटक, बरणीचं वजन न धरता निव्वळ वजन, उत्पादनाची आणि वापराच्या अंतिम मुदतीची तारीख, बॅच क्रमांक, नाव-पत्ता, संपर्क, सर्व करांसह किंमत आणि चौकोनातला हिरवा ठिपका हवा. घटकांत हिंगाकडे नीट बघा. बाजारातल्या बहुतेक हिंगांत पीठ मिसळलेलं असतं. ते गव्हाचं असेल तर लेबलावर तसं लिहावं लागतं, कारण गहू ॲलर्जी देणाऱ्या घटकांच्या यादीत आहे. तारीख, बॅच आणि किंमत छापू नका, कोरी चौकट ठेवा आणि शिक्का मारा. एकच लेबल वर्षभर चालतं.

मग घ्यायचं कुठून

पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासचे रस्ते, असा बाजार हाती असेल तर बरण्या आणि पाऊच तिथूनच घ्या. हात लावून बघता येतं, शंभरच्या संख्येत मिळतं आणि झाकण बरणीवर तिथेच फिरवता येतं. नमुन्याची एक बरणी घरात राखून ठेवा. पुढच्या खेपेला फोनवर नुसतं ‘तीच’ म्हटलं तर दुकानदार त्याच्या मते तीच देतो, तुमची जुळत नाही. बरणी सोबत नेली तर वाद राहत नाही.

ऑनलाइन मी लेबलाचे रोल, शिक्के आणि बबल रॅप घेते. मोजमाप ठरलेलं, चूक झाली तर परत पाठवता येतं. पाऊच ऑनलाइन घ्यायचाच असेल तर आधी पन्नास मागवा. जाडी नुसती फोटोवरून कळत नाही, आणि चौकशीच्या पोर्टलवर एकदा नंबर दिलात की दिवसभर फोन घेत बसायची तयारी ठेवा.

कारखान्यातून थेट घेण्याचा मोह आकड्यांमुळे होतो. समजा बाजारात शंभर पाऊच घेतले तर एक सात रुपयांना पडतो आणि कारखान्यात किमान हजार घेतले तर चार रुपयांना. नगामागे तीन रुपये वाचतात हे खरं, पण चार हजार अडकतात. महिन्याला साठ पाऊच खपत असतील तर हजार पाऊच संपायला दीड वर्षाच्या जवळ जातं. तोवर आकार बदलावा असं तुम्हालाच वाटतं. महिन्याला अडीचशेच्या पुढे गेलात तर हिशेब उलटतो. तेव्हा कारखान्याला दोन गोष्टी विचारा: हे साहित्य अन्नासाठी योग्य असल्याचं लेखी देता का, आणि पुढच्या खेपेलाही हाच थर, हीच जाडी द्याल का. नुसता त्रिकोणातला आकडा अन्नासाठी चालेल असं सांगत नाही, तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो.

मशीन मात्र ऑनलाइन कितीही स्वस्त दिसलं तरी मी गावातल्या दुकानातून घेते. हातदाबाच्या सीलरची तार आणि वरची टेफ्लॉनची पट्टी जळणारच, बहुतेक वेळा दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. घेतानाच दोन तारा आणि एक पट्टी जादा मागून घ्या, आणि ती कशी बदलायची ते दुकानदाराला तिथेच, मशीन उघडून दाखवायला सांगा.