सातव्या फ्रेमचा ठोसा आणि ०.८ सेकंदांची क्लिप: फ्रेम डेटा अ‍ॅनिमेशनवर बसवण्याच्या तीन पद्धती

फायटिंग गेममधला एक साधा मध्यम ठोसा घेऊ. डिझायनरच्या तक्त्यात त्याच्यापुढे लिहिलंय: स्टार्टअप ७, अ‍ॅक्टिव्ह ३, रिकव्हरी १४. हा झाला फ्रेम डेटा: मार लागण्याआधीची तयारी, मार लागू शकतो तो काळ आणि हात परत येण्याचा काळ, तिन्ही फ्रेममध्ये मोजलेले. अ‍ॅनिमेटरने दिलेली क्लिप सेकंदाला ३० फ्रेमची आणि एकूण २४ फ्रेमची, म्हणजे ०.८ सेकंदांची आहे. पाचव्या फ्रेमला मूठ मागे ओढलेली, बाराव्या फ्रेमला (०.४० से.) हात पूर्ण ताणलेला, पंधराव्यापर्यंत (०.५० से.) तो तसाच, आणि तिथून परत मूळ पवित्रा. गेम मात्र सेकंदाला ६० टिकांवर, म्हणजे हिशेबाच्या ६० पावलांवर चालतो, आणि तक्त्यातली एक फ्रेम म्हणजे अशी एक टिक. तक्ता आणि क्लिप एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा कोणाला कोणाच्या मापाने वाकवायचं हे ठरवावं लागतं.

त्याआधी मोजणीचा एक घोळ मिटवू. बहुतेक फ्रेम डेटात स्टार्टअपच्या आकड्यात पहिली अ‍ॅक्टिव्ह फ्रेमही धरलेली असते. ‘स्टार्टअप ७’ म्हणजे सहा टिका रिकाम्या आणि सातव्या टिकेला मार. त्यामुळे एकूण लांबी ७ + ३ + १४ − १ = २३ टिका, म्हणजे साधारण ०.३८३ सेकंद. शून्यापासून मोजलं तर ० ते ५ स्टार्टअप, ६ ते ८ अ‍ॅक्टिव्ह, ९ ते २२ रिकव्हरी. प्रोग्रामरने ७ हा आकडा ‘आधीच्या रिकाम्या टिका’ म्हणून वाचला, तर ठोसा आठव्या फ्रेमला लागतो. डोळ्यांना हे कळत नाही, पण नेमक्या एका फ्रेमवर जुळणारे कॉम्बो तुटू लागतात आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

पहिली पद्धत: वेळ क्लिपच्या हातात

क्लिपवरच खुणा लावायच्या: इथे हिटबॉक्स, म्हणजे मार लागतो ती चौकट, उघड, इथे बंद कर. युनिटीत Animation Event, अनरियलमध्ये AnimNotify. सुरुवात याच पद्धतीने होते, कारण ती अर्ध्या तासात चालू होते आणि जे दिसतं तेच लागतं.

आपल्या ठोशाला ती लावून पाहू. मूळ वेगात हात ०.४० सेकंदांनी पोचतो, म्हणजे २४ टिका गेल्यावर. इतका संथ ठोसा समोरचा खेळाडू बघून निवांत अडवेल. मग अख्खी क्लिप २३ टिकांत बसवण्यासाठी वेग २.०८७ पट करू. एकूण लांबी जुळली, पण हात आता साडेअकराव्या टिकेला पोचतो. हवा होता शून्यापासून मोजलेल्या सहाव्या टिकेला. एकच वेग सगळ्या क्लिपला लावला की तिन्ही टप्प्यांचं प्रमाण क्लिपमधलंच राहतं, आणि अ‍ॅनिमेटरने चांगल्या सवयीने आधीची तयारी लांब ठेवलेली असते. दुरुस्तीसाठी क्लिप परत अ‍ॅनिमेटरकडे जाते. पुढे बॅलन्समध्ये रिकव्हरी बदलली की पुन्हा जाते.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. खूण ‘साडेअकरा’वर असेल तर ती कोणत्या टिकेत पेटेल हे अपडेटच्या पावलावर ठरतं. संगणक क्षणभर अडखळला आणि पाऊल मोठं पडलं, तर उघडण्याची आणि बंद करण्याची खूण एकाच अपडेटमध्ये पेटते. मध्ये टक्कर तपासलीच जात नाही आणि ठोसा माणसाच्या आरपार जातो. ‘कधी कधी लागत नाही’ अशी तक्रार आली, आणि ती मंद यंत्रांवरून जास्त आली, तर आधी इथेच बघा. अनरियलच्या माँटाजमध्ये खुणेचा प्रकार Queued ऐवजी Branching Point केल्यावर नेमकेपणा वाढतो, पण वेळेचा मालक क्लिपच राहते.

एकट्याने खेळायच्या अ‍ॅक्शन गेमला आणि पहिल्या नमुन्याला ही पद्धत पुरते. दोन माणसं समोरासमोर फ्रेम मोजून खेळणार असतील, तर नाही.

दुसरी पद्धत: वेळ तक्त्याच्या हातात, क्लिप तुकड्यांत ताणलेली

इथे गेमला फक्त एक पूर्णांक माहीत असतो: हल्ला सुरू होऊन किती टिका झाल्या, तो t. हिटबॉक्स त्या आकड्यावरून उघडतो. क्लिपवर दोनच खुणा असतात, ‘हात पोचला’ आणि ‘हात परत निघाला’, आणि त्या खुणा काही पेटवत नाहीत. कोणत्या टिकेला क्लिपमधला कोणता क्षण दाखवायचा, एवढंच त्या सांगतात.

```
float clipTime(int t) {
  if (t < 6) return lerp(0.00, 0.40, t / 6.0);
  if (t < 9) return lerp(0.40, 0.50, (t - 6) / 3.0);
  return lerp(0.50, 0.80, (t - 9) / 14.0);
}
```

सहाव्या टिकेला उत्तर बरोबर ०.४० येतं: हिटबॉक्स उघडतो त्याच टिकेला हात ताणलेला दिसतो. क्लिप स्वतः चालवायची नाही, फक्त त्या क्षणावर नेऊन ठेवायची. गोडोमध्ये `seek(time, true)`, युनिटीत `animator.Play` ला नॉर्मलाइज्ड वेळ देऊन लगेच `animator.Update(0)`.

आता वेग पाहा. स्टार्टअपमध्ये क्लिप ४ पट, अ‍ॅक्टिव्हमध्ये २ पट, रिकव्हरीत जेमतेम १.२९ पट धावते. आघाताच्या आसपास वेग तुटला तरी डोळा माफ करतो. खरं दुखणं त्या ४ पटीत आहे. क्लिपच्या बारा फ्रेममधून सहाच दिसतात, आणि मूठ मागे ओढलेली पोज (०.१६७ से.) पडते अडीचाव्या टिकेवर, म्हणजे ती नेमकी कधीच दिसत नाही. ठोसा कुठून आला ते कळत नाही, हात नुसता उगवल्यासारखा वाटतो. उपाय सोपा आहे: सुरुवात कापा. शून्याव्या टिकेलाच ०.१६७ पासून सुरू करा. पवित्र्यातून थेट मागे ओढलेल्या मुठीवर उडी पडते, पण ०.२३३ सेकंदांचा भाग ६ टिकांत म्हणजे २.३३ पट वेगाने जातो आणि तयारीची पोज निदान एक टिक स्वच्छ दिसते. या उडीवर गुळगुळीत ब्लेंड घालायचा मोह होतो. तो इथे आवरा, कारण सहा टिकांतल्या चार ब्लेंडने खाल्ल्या तर तयारी पुन्हा गायब.

‘हात पोचला’ ही खूण लावताना कंजुषी नको. ठोसा लागला की हिटस्टॉप, म्हणजे पात्रं क्षणभर गोठवणारा थांबा, येतो. तो १० टिकांचा धरला तर सहाव्या टिकेची पोज एकूण ११ टिका, म्हणजे ०.१८ सेकंद, पडद्यावर गोठून राहते. हल्ल्यातली सर्वांत जास्त वेळ दिसणारी पोज तीच. खूण चुकून क्लिपच्या अकराव्या फ्रेमवर लागली तर अर्धवट वाकलेलं कोपर गोठतं आणि फटका पोकळ वाटतो. खूण बरोबर असूनही असंच दिसत असेल तर इम्पोर्टचं कॉम्प्रेशन तपासा. की-फ्रेम कमी करताना हाताची टोकाची पोज थोडी बोथट होते. हिटस्टॉपमध्ये t वाढवायचा नाही, इतकंच करावं लागतं. क्लिप आणि हिटबॉक्स दोन्ही आपोआप थांबतात. पहिल्या पद्धतीत क्लिप थांबवायची राहिली तर मार लागण्याची खिडकी हिटस्टॉपमध्येच उलटून जाते.

बॅलन्सचा बदल करून पाहू. अडवणाऱ्याचा ब्लॉकस्टन, म्हणजे ठोसा अडवल्यावर तो जखडून राहतो तो काळ, १४ आहे असं धरा. ठोसा पहिल्या अ‍ॅक्टिव्ह फ्रेमला अडवला गेला, तर मारणाऱ्याकडे २ अ‍ॅक्टिव्ह आणि १४ रिकव्हरी अशा १६ टिका उरतात. १४ − १६ = −२, म्हणजे सुरक्षित. रिकव्हरी १७ केली की −५, आणि आता ५ फ्रेमचा जॅब शिक्षा देऊ शकतो. या पद्धतीत कामाचा आकडा एकच: १४ च्या जागी १७. रिकव्हरीचा वेग १.०६ होतो आणि अ‍ॅनिमेटरला कळवायचीही गरज पडत नाही. मात्र रिकव्हरी ३० पर्यंत गेली तर वेग ०.६ वर येतो आणि हात पाण्यातून परत आल्यासारखा दिसतो. तेव्हा ताणण्याऐवजी सुरुवातीच्या काही टिका ०.५० ची पोज धरून ठेवा आणि उरलेल्यांत हात परत आणा. शिक्षेची संधीही समोरच्याला त्यामुळे जास्त स्पष्ट दिसते.

एक मर्यादा राहते: क्लिपमधलं रूट मोशन, म्हणजे पात्राला जागेवरून सरकवणारी हालचाल. सुरुवात कापली की पुढे सरकण्यातला काही भागही कापला जातो आणि ठोशाचा पल्ला कमी होतो. म्हणून पुढे सरकणं क्लिपमधून काढून टिकेगणिक आकड्यांत ठेवा. हिटबॉक्सही हाडाला न बांधता तक्त्यात पूर्णांकांत लिहिलेले बरे.

तिसरी पद्धत: पोज मोजून धरणे

इथे क्लिप ताणायचीच नाही. थोड्या पोज आणि प्रत्येकीपुढे किती टिका धरायची तो आकडा. आपला ठोसा असा होईल: मागे ओढलेली मूठ ४, झेपावणारा हात २, आघात ३, झोक ४, परतणं ५, पवित्र्याजवळ ५. बेरीज २३. मधे इंटरपोलेशन नाही. २०१४ च्या गिल्टी गिअर झर्डमध्ये त्रिमितीय पात्रं अशीच पोजेस धरून हलवली आहेत, म्हणून ती हाताने काढलेल्या चित्रांसारखी दिसतात.

वेळेच्या बाबतीत ही दुसरीइतकीच काटेकोर, आणि दिसायला जास्त ठसठशीत, कारण प्रत्येक पोज निवडलेली असते. अडीचाव्या टिकेचा प्रश्नच येत नाही. किंमत मोजतो अ‍ॅनिमेटर. मधले टप्पे लपवायला काही नसल्याने प्रत्येक पोज एकटी उभी राहण्याइतकी पक्की लागते. मोशन कॅप्चरच्या क्लिपा यात टाकल्या तर पात्र नुसतं अडखळल्यासारखं वाटतं. कपडे आणि केस सिम्युलेशनने हलत असतील तर तेही विसंगत दिसतात.

| | क्लिपवर खुणा | तुकड्यांत ताण | पोज धरणे |
|---|---|---|---|
| ७व्या फ्रेमला मार | क्लिप नव्याने केली तरच | नेमका | नेमका |
| रिकव्हरी १४ → १७ | अ‍ॅनिमेटरकडे परत | एक आकडा | ३ टिका वाटून द्या |
| मोशन कॅप्चर | चालतं | चालतं | नाही |
| रोलबॅक | त्रासदायक | सोपा | सोपा |

शेवटच्या ओळीवर थोडं बोलायला हवं, कारण ऑनलाइन खेळ असेल तर निर्णय तिथेच लागतो. रोलबॅकमध्ये समोरच्याचं बटण उशिरा पोचलं की गेम काही टिका मागे जाऊन त्या पुन्हा मोजतो, आणि हे सगळं एका फ्रेमच्या १६.६७ मिलिसेकंदांत. हिटबॉक्स क्लिपवरून ठरत असेल तर प्रत्येक पुनर्गणित टिकेसाठी सांगाडाही पुन्हा हलवावा लागतो, क्लिपची आतली स्थिती जपावी लागते आणि आधी पेटलेल्या खुणा दुसऱ्यांदा पेटू नयेत हेही सांभाळावं लागतं. तक्त्याच्या पद्धतींत क्लिपसाठी जपायचं ते हल्ल्याचं नाव आणि t. सांगाडा फक्त शेवटच्या टिकेला, चित्र काढण्यापुरता हलवायचा.

तेव्हा मोशन कॅप्चर किंवा तयार क्लिपांचा साठा हाताशी असेल आणि आकडे रोज बदलणार असतील, तर दुसरी पद्धत घ्या. पोज घडवणारा अ‍ॅनिमेटर पूर्ण वेळ सोबत असेल आणि चित्रासारखं रूप हवं असेल, तर तिसरी. दोन्ही मिसळताही येतात: आघातापर्यंत पोज धरायच्या आणि रिकव्हरी ताणायची. दोहोंत गेमकडे तोच एक t असतो, त्यामुळे एकेका हल्ल्यासाठी वेगळा निर्णय घेतला तरी बाकीचा कोड हलत नाही.

जोडणी झाल्यावर पात्राला टप्प्याप्रमाणे रंग द्या, स्टार्टअपला हिरवा, अ‍ॅक्टिव्हला लाल, रिकव्हरीला निळा, हिटबॉक्स उघडा दाखवा आणि एकेक टिक पुढे सरका. पहिल्या लाल टिकेला मूठ चौकटीच्या आत नसेल, तर आधी खुणेची वेळ तपासा, मग चौकटीची जागा. उलट क्रमाने गेलात तर चुकीच्या पोजभोवती चौकट बसते आणि पुढची क्लिप आली की पुन्हा सरकते.