पोर्ट्रेट मोडच्या फोटोतून केस वेगळे काढणे : Select and Mask काही महिने वापरल्यानंतर

लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स यांच्या कामासाठी हल्ली गिऱ्हाइके जे फोटो पाठवतात, ते बहुतेक वेळा फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेले असतात. चेहरा स्वच्छ, मागचे सारे धूसर, असा तो फोटो पाहायला उत्तम असतो. मात्र त्यातली व्यक्ती वेगळी काढून दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवायची म्हटले, की काम केसांपाशी अडते. गेले काही महिने हे काम मी फोटोशॉपच्या Select and Mask मध्ये नियमितपणे करत आहे. साधन उत्तम आहे, पण कटिंग कसे होणार हे त्याला कोणता फोटो दिला यावरच मुख्यतः ठरते, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

असे का होते, ते आधी सांगायला हवे. मोठ्या कॅमेऱ्यात पार्श्वभूमी भिंगामुळेच धूसर होते. फोन मात्र आधी जवळजवळ सगळा फोटो स्पष्ट टिपतो, कोणती वस्तू किती दूर आहे याचा एक नकाशा तयार करतो आणि त्या नकाशाच्या आधारे मागचा भाग नंतर धूसर करतो. हा नकाशा फोटोपेक्षा बराच लहान असतो. 2016 साली आलेल्या आयफोन 7 प्लसमध्ये फोटो 4032 × 3024 पिक्सेलचा, तर नकाशा 768 × 576 चा होता. म्हणजे नकाशाच्या एका बिंदूत मूळ फोटोचे उभे-आडवे पाचेक पिक्सेल मावतात. सुटी बट जेमतेम दोन-तीन पिक्सेल जाडीची असते, त्यामुळे ती या नकाशात उमटतच नाही. पुढे 2019 मध्ये आयओएस 13 सोबत केसांसाठी वेगळा मुखवटा आला आणि कडा सुधारल्या, तरी कुरळ्या आणि वाऱ्याने उडालेल्या केसांची अडचण अजून पुरती संपलेली नाही.

यातून दोन दोष निर्माण होतात, आणि ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्यात फोनने ठरवलेला व्यक्तीचा मुखवटा डोक्याच्या आत पडतो आणि बाहेर आलेल्या बटा पार्श्वभूमीबरोबर धूसर होतात. फोटो 200 टक्के मोठा करून पाहावा : केसाची गडद रेघ डोक्यापासून थोड्या अंतरावर फिकट आणि रुंद होत जाते आणि टोक न दिसताच विरून जाते. दुसऱ्या दोषात मुखवटा डोक्याच्या बाहेर जातो आणि केसांभोवती मूळ पार्श्वभूमीची एक स्पष्ट कड शिल्लक राहते. मागे झाडी किंवा खिडकीची जाळी असेल, तर तिच्या रेघा केसांइतक्याच ठळक असतात. Refine Edge Brush कडेजवळचे रंग तपासून कोणता पिक्सेल किती केसाचा आणि किती पार्श्वभूमीचा हे ठरवतो. पहिल्या दोषात रंग आधीच एकमेकांत मिसळलेले असल्याने त्याला ठरवायला काही उरत नाही, आणि दुसऱ्यात तो पानांनाच केस समजून आत घेतो. येथे ब्रश कितीही वेळा फिरवला तरी उपयोग होत नाही.

म्हणूनच आता मी कटिंगला हात लावण्यापूर्वी धूसरपणा काढलेला फोटो मागवते. आयफोनवर तो मिळणे सोपे आहे : फोटो उघडून Edit मध्ये जावे, Portrait बंद करावे आणि जतन करावे, मूळ परिणाम नंतर परत आणता येतो, त्यामुळे गिऱ्हाइकाचे काहीच बिघडत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला मी आवर्जून सांगते, कारण साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि बारीक केस तेथेच जातात. काही अँड्रॉइड फोनच्या गॅलरीतही धूसरपणा मागाहून कमी करता येतो. काही फोन मात्र तो फोटोत कायमचा उतरवून टाकतात.

अलीकडचेच एक काम पाहा. नवरीचे केस कुरळे आणि मोकळे, मागे बोगनवेल, आणि फोटो पत्रिकेच्या फिकट क्रीम रंगावर ठेवायचा होता. धूसर प्रतीत कानाखालच्या कुरळ्यांमधून हिरवी पाने स्पष्ट डोकावत होती, तर डोक्यावरच्या सुट्या बटा विरल्या होत्या; म्हणजे दोन्ही दोष एकाच फोटोत होते. धूसरपणा काढलेली प्रत आल्यावर Select Subject ने ढोबळ निवड केली आणि Select and Mask मध्ये दृश्य On White ठेवले, कारण फिकट पार्श्वभूमीवर जे खटकणार ते पांढऱ्यावर लगेच दिसते. Radius दोन-तीन पिक्सेलच ठेवला. पार्श्वभूमी गजबजलेली असल्याने Color Aware ऐवजी Object Aware निवडले. Refine Edge Brush फक्त बाहेरच्या कडेवर फिरवला. डोक्याच्या भरीव भागावर तो गेला, की केसांत अर्धपारदर्शक भोके पडतात. ही भोके K दाबून कृष्णधवल मुखवटा पाहिला की राखाडी डागांसारखी दिसतात. Feather शून्य ठेवले, कारण त्याने बटांची टोके मऊ होऊन पुन्हा तोच धूसरपणा येतो.

उरली ती हिरवी झाक. Decontaminate Colors ती काढते खरी, पण ते पिक्सेलचे रंगच बदलते आणि दाट केसांत कधीकधी करडे चट्टे पडतात, म्हणून मी ते क्वचितच वापरते. त्याऐवजी निकाल मुखवट्यासह वेगळ्या लेयरवर घेते, त्यावर क्लिप केलेला एक लेयर ठेवते, त्याचा मोड Color करते आणि केसांतूनच उचललेला तपकिरी रंग मऊ ब्रशने फक्त कडेवर लावते. केसांची चमक तशीच राहते आणि हिरवेपणा जातो.

मूळच पार्श्वभूमी ठेवून ती नीट धूसर करायची असेल, तर क्रम महत्त्वाचा आहे. व्यक्ती वेगळी काढल्यावर खालच्या लेयरवरून ती पुसून ती जागा Content-Aware Fill ने भरावी, त्यानंतर Lens Blur द्यावा आणि मग कापलेली व्यक्ती वर ठेवावी. व्यक्ती न पुसता धूसर केले, तर काळ्या केसांचा रंग बाहेर पसरतो आणि डोक्याभोवती काळपट वलय उमटते.

केवळ धूसर प्रतच हाती असेल, तर विरलेल्या बटा परत मिळवण्याच्या मागे मी लागत नाही. जेथवर केस स्पष्ट आहेत तेथवरच मुखवटा ठेवते, त्यापलीकडचे मऊ ब्रशने झाकते आणि पेन टॅब्लेटवर दोन पिक्सेलच्या ब्रशने काही बटा हाताने काढते, त्या मुळाशी जाड आणि टोकाला निमुळत्या. दुसऱ्या दोषातील पाने मात्र अशा प्रतीतूनही काढता येतात, कारण तेथील केस शाबूत असतात. एकेका फटीत लहान ब्रशने मुखवट्यावर काळा रंग भरावा लागतो, आणि हे वेळखाऊ काम आहे. पत्रिका 300 डीपीआयवर छापून हातात धरली जाते, म्हणून तेथे मी तो वेळ देते. दुरून पाहायच्या फ्लेक्ससाठी बटा न काढता केसांची स्वच्छ, किंचित मऊ कड ठेवते.