रिक्रूटरचं लिंक्डइन प्रोफाइल: उमेदवारासाठी लिहावं की क्लायंटसाठी?

स्वतःची छोटी एजन्सी चालवणाऱ्या रिक्रूटरला दोन्हीकडची माणसं सांभाळावी लागतात. उमेदवार नसेल तर जागा भरत नाही आणि कंपनी नसेल तर भरायला जागाच नसते. लिंक्डइनच्या नियमांप्रमाणे एका माणसाला एकच खातं ठेवता येतं. म्हणजे दोघंही तेच पान उघडणार.

माझी एक मैत्रीण चाकण आणि रांजणगावच्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी क्वालिटी आणि मेंटेनन्स इंजिनिअर शोधते. तिचं प्रोफाइल आम्ही दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिलं.

उमेदवाराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या मजकुरात वाक्य होतं, 'सध्याच्या पगारावर चांगली वाढ मिळवून देते.' इंजिनिअरला ते आवडतं. पण तेच वाक्य कारखान्याच्या एचआर मॅनेजरने वाचलं, तर त्याच्या मनात पहिला विचार येतो की उद्या ही आपलीच माणसं फोडेल आणि आलेल्यांच्या अपेक्षाही वाढवून ठेवेल.

क्लायंटसाठीचा मजकूर असा होता: 'दोन दिवसांत दहा सीव्ही, ९० दिवसांत माणूस सोडून गेला तर मोफत रिप्लेसमेंट, फी वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के.' मॅनेजरला हे लगेच कळतं. ८.३३ टक्के म्हणजे एका महिन्याचा पगार. १२ लाखांच्या माणसामागे साधारण एक लाख रुपये. उमेदवाराला मात्र यात आपण गठ्ठ्यातला एक सीव्ही आहोत, एवढंच दिसतं. शिवाय ही फी आपल्याच पगारातून कापणार का, ही शंका येते. नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणारे इतके झालेत की ती शंका चुकीची म्हणता येत नाही.

माझ्या मते निवड करण्याआधी कोण काय वाचतो ते बघावं. उमेदवाराला आपण स्वतःहून मेसेज पाठवतो. त्याला मोबाइलवर आपलं नाव आणि हेडलाइनचे सुरुवातीचे चार-पाच शब्द दिसतात. हेडलाइनला २२० अक्षरांची जागा असली तरी पुढचं बहुतेक वेळा कापलं जातं. शिफ्ट संपवून बसमध्ये बसलेला माणूस तेवढ्यावरच उघडायचं की नाही ते ठरवतो. क्लायंट सहसा कुणाच्या तरी सांगण्यावरून येतो आणि खाली उतरून वाचतो: 'अबाउट', शिफारसी, 'फीचर्ड'मध्ये लावलेली कागदपत्रं.

म्हणून हेडलाइनची सुरुवात उमेदवाराला द्यावी. मैत्रिणीची आधीची हेडलाइन 'टॅलेंट अक्विझिशन स्पेशालिस्ट' अशी होती. ती कुणालाही लागू पडते. आता ती 'क्वालिटी, मेंटेनन्स इंजिनिअर भरती, चाकण-रांजणगाव' अशी आहे. क्लायंटलाही यातून हवं ते कळतं, कारण त्याला सगळ्या क्षेत्रांत हात घालणारी एजन्सी नकोच असते.

'अबाउट'मध्ये २,६०० अक्षरं मावतात, पण 'आणखी पाहा' दाबण्याआधी मोजक्याच ओळी दिसतात. त्यात तिने लिहिलं, 'उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही. पगाराचा आकडा, शिफ्ट आणि बसची सोय पहिल्याच फोनवर सांगते.' त्याखाली क्लायंटसाठी: नोटीस पिरियडच्या काळात उमेदवाराशी दर आठवड्याला बोलते. ६० किंवा ९० दिवसांच्या नोटिशीत दुसरी ऑफर घेऊन माणूस ऐन रुजू होण्याच्या दिवशी गायब होणं, हे मॅनेजरचं खरं दुखणं आहे. फीचा आकडा प्रोफाइलवर कुठेच नाही. तो प्रस्तावात जातो.

क्लायंटची नावं टाकायचा मोह तिलाही झाला होता. करारात गोपनीयतेचं कलम असेल तर ते अंगाशी येतं, आणि दुसऱ्या एजन्सीला आयती यादी मिळते. 'ब्रेकचे भाग बनवणारा, तीन शिफ्टचा कारखाना' एवढ्यावर काम भागतं.

दोघांनाही पटेल अशी एकच गोष्ट आम्हाला सापडली: लावलेल्या माणसांपैकी किती जण सहा महिन्यांनीही तिथेच आहेत. उमेदवाराला त्यातून जागा बरी असल्याचं कळतं, क्लायंटला रिप्लेसमेंटची वेळ येणार नाही असं वाटतं. हा आकडा वहीत नोंद असेल तरच लिहावा, कारण मॅनेजर हमखास विचारतो.

नवीन एजन्सी असेल आणि हातात एकही कंपनी नसेल, तर मात्र मी उलट सांगेन. तेव्हा सुरुवातही क्लायंटलाच द्या. भरायला जागा नसताना शंभर इंजिनिअर जोडून घेतले, तर महिनाभर 'काही आहे का मॅडम?' याचीच उत्तरं देत बसावं लागतं. कंपनीत नोकरी करणाऱ्या एचआरला हा पेच नाहीच; त्याने पूर्ण प्रोफाइल उमेदवारासाठी लिहावं.

बदल केल्यावर महिनाभर येणारे प्रश्न बघा. उमेदवार अजूनही 'पैसे किती लागतील?' विचारत असतील, तर ती ओळ वर आणा. मॅनेजर 'तुम्ही आयटीचीही भरती करता का?' विचारत असतील, तर हेडलाइन अजून पुरेशी नेमकी नाही.