चर्चा चालवणाऱ्याची ओळख आणि वक्त्यांची ओळख: कोणी, किती, आधी कोणाची?

समजा रावेरला केळीवरच्या हरण्या रोगावर, म्हणजे सीएमव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या रोगावर, तासाभराचा परिसंवाद आहे. मंचावर चौघं: शेतकरी, कृषी शास्त्रज्ञ, टिश्यूकल्चर रोपांचे विक्रेते आणि पीकविम्याचे जाणकार. चर्चा चालवायला एक पत्रकार ताई. सूत्रसंचालन तुमच्याकडे. पाचही जणांची ओळख तुम्ही करून द्यायची, की फक्त ताईंची करून माईक त्यांच्या हाती द्यायचा?

पहिल्या पद्धतीत प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी दहा मिनिटं जातात. त्यापेक्षा मोठा तोटा असा की चौघांची माहिती आधीच सांगून झाल्यामुळे ताईंना पहिला प्रश्न कोरडाच विचारावा लागतो. म्हणून माझा कौल दुसऱ्या पद्धतीला.

वक्त्याच्या ओळखीतून श्रोत्याला कळायला हवं, की या विषयावर याचं का ऐकायचं आणि याचं हित कशात आहे. 'हे रोपं विकतात' हे आधी सांगितलं, तर 'रोग रोपातून आला की मावा किडीने पसरवला' या प्रश्नावरचं त्यांचं उत्तर श्रोता नीट तोलतो. हे वाक्य ताईंनीच प्रश्नाला जोडून म्हणावं. अर्धं मिनिट पुरतं.

ताईंची ओळख वेगळी. त्यांना मत मांडायचं नाही, म्हणून पदव्या, पुरस्कार, पुस्तकांची यादी इथे उपयोगाची नाही. उलट ती ऐकून लोक त्यांच्याकडूनच भाषणाची अपेक्षा धरतात. सांगायचं ते एवढंच: त्यांना विषय कुठून माहीत, त्या कोणाच्या बाजूच्या नाहीत आणि चर्चा कशी चालेल. तटस्थपणा स्वतःच्या तोंडून सांगणं अवघड जातं, म्हणून तो तुम्ही सांगायचा. वेळेचा नियमही तुम्हीच जाहीर करा. मग मोठ्या माणसाला मधेच थांबवताना ताईंवर उद्धटपणाचा ठपका येत नाही.

नमुना असा: 'आजची चर्चा ताई चालवतील. रावेर-यावलच्या केळीबागांवर त्या अनेक वर्षं लिहीत आहेत. रोपविक्री वा विम्याच्या धंद्याशी त्यांचा संबंध नाही. एका उत्तराला दोन मिनिटं, शेवटची पंधरा मिनिटं तुमच्या प्रश्नांना. ताई, माईक तुमच्याकडे.' यातला प्रत्येक शब्द ताईंना आधी विचारून घ्या. त्यांच्या भावाचं रोपांचं दुकान असेल, तर तेही सांगून टाका. गावात ते सगळ्यांना माहीत असतं आणि लपवलं की पहिल्या दहा मिनिटांत मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते.

मंचावर आमदार किंवा बाजार समितीचे सभापती असतील, तर मात्र पहिली पद्धत घ्यावी लागते. आपल्याकडे मानपानाचा क्रम चुकला की त्याचा राग ताईंवर निघतो आणि पुढची उत्तरं तुटक येतात. तेव्हा मान्यवरांची ओळख तुम्हीच द्या, प्रत्येकी तीन वाक्यांत, आणि ताईंची सर्वांत शेवटी, म्हणजे मध्ये दुसरं कोणी न येता माईक थेट त्यांच्याकडे जाईल. हितसंबंधाचं वाक्य तेव्हाही ताईंसाठीच राखून ठेवा.