एकच डोळा उरलेल्यांनी 'डेप्थ लेन्स'पासून सावध राहावे

एका मोफत नेत्रतपासणी शिबिरात विकल्या गेलेल्या 'डेप्थ लेन्स'च्या चष्म्यापायी माझे १४,८५० रुपये गेले, त्याहून अधिक संताप मला माझ्या उरलेल्या एका डोळ्याशी झालेल्या खेळाचा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात असे तपासणी शिबिर पुन्हा भरण्याची शक्यता आहे, म्हणून झालेली नाचक्की बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत २२ वर्षे लेथवर टर्नर म्हणून काम करतो. २०१८ साली ग्राइंडरवर टूलला धार लावताना उडालेल्या कणाने माझा डावा डोळा गेला. पहिले काही महिने कपात चहा ओतायचा तर तो बशीत सांडत असे. पुढे किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवूनच ओतायची सवय लागली. जिना उतरताना पायाने पायरीची कड चाचपण्याची, आणि डाव्या बाजूने कोणी येत आहे का हे पाहण्यासाठी मान पुरती वळवण्याचीही सवय झाली. लेथवर टूल जॉबला टेकवण्याआधी मधे पातळ कागद धरतो. तो ओढला गेला की टूल टेकले असे समजतो. ही पद्धत खात्रीची आहे, पण वेळखाऊ आहे. त्यामुळे माझ्याकडचे जास्त मजुरीचे काम काढून घेतले गेले. शिबिरात मी का भुललो, असे मला विचारणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. मी लोभाने गेलो नव्हतो, माझे काम मला परत हवे होते.

२०२३ च्या मार्चमध्ये खानापूर तालुक्यात एका सभागृहात मोफत शिबिर होते. तेथील माणसाने सांगितले की त्याच्याकडील 'डेप्थ लेन्स'मुळे एका डोळ्यालाही खोली कळते, शिवाय ती पॉलीकार्बोनेट या प्लॅस्टिकची असल्याने फुटत नाही. मग त्याने माझी परीक्षा घेतली. चष्म्याविना त्याने माझी हनुवटी हाताने घट्ट धरली, "डोकं हलवू नका, डोळ्याला ताण येईल" असे म्हणाला, आणि पेनचे टोपण पेनावर बसवायला लावले. तीनदा चुकले. मग चष्मा घातला, त्याने हात काढून घेतला, आणि टोपण पहिल्याच प्रयत्नात बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

फसवणूक तिथेच होती. दोन डोळ्यांना एकाच वस्तूची किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि मेंदू त्यांवरून अंतर काढतो. एक डोळा गेला की दुसरे चित्रच नसते, त्यामुळे कोणतीही काच ते परत आणू शकत नाही. एका डोळ्याने खोली कळते ती इतर खुणांवरून: जवळची वस्तू मोठी दिसते, पुढची वस्तू मागचीला झाकते, सावली कोठे पडते ते कळते, आणि डोके थोडे डावीउजवीकडे हलवले की जवळची वस्तू दूरच्या वस्तूपेक्षा अधिक सरकताना दिसते. ही शेवटची खूण मी नकळत पाच वर्षे वापरत होतो. त्याने आधी डोके धरून ती माझ्याकडून काढून घेतली आणि नंतर सोडून दिली. काच दोन्ही वेळी सारखीच निरुपयोगी होती. अशी परीक्षा कोणी घेऊ लागला, तर चष्म्याविनाही डोके मोकळे ठेवून तीच परीक्षा द्या.

पैशांचा हिशेब असा: फ्रेम ३,२००, 'लेन्स' ९,९०० आणि 'हमी कार्ड' १,७५०. ५,००० आगाऊ आणि ९,८५० चष्मा घेताना दिले. बिलावर केवळ 'स्पेशल लेन्स' असे लिहिले होते, पॉलीकार्बोनेट हा शब्द नव्हता. बिलावर साहित्याचे नाव नसेल तर पैसे देऊ नका.

आणि आता ती गोष्ट, जी मी स्वतःला माफ करू शकत नाही. चष्मा घेण्यासाठी मी त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा लेन्सची कड माझ्यासमोर घासली जात होती. दगडाखालून मैद्यासारखे बारीक पांढरे पीठ पडत होते. मी मुद्दाम वाकून ते पाहिले. धातू असो वा प्लॅस्टिक, कापताना त्याचा कीस कसा पडतो हे पाहूनच साहित्य ओळखणे हा माझा रोजचा धंदा आहे. साध्या चष्म्यांचे कडक प्लॅस्टिक असे पीठ होऊन पडते, तर पॉलीकार्बोनेट चिवट आणि मऊ असल्याने त्याचा कीस तारेसारखा लांब, गुंतलेला निघतो. मी बघत राहिलो, आणि मनात फक्त चष्मा केव्हा मिळतो एवढेच होते.

ऑक्टोबरमध्ये लेथवर कार्बाइडची टीप तुटून उजव्या काचेवर आदळली. पॉलीकार्बोनेट असते तर बहुधा खळगा पडला असता. ही काच तीन तुकड्यांत फुटली. एका तुकड्याने बुबुळावर ओरखडा ओढला आणि तीन दिवस मी पूर्ण आंधळा होतो, पत्नीने हात धरून मला न्हाणीघरापर्यंत नेले. त्यानंतर मी तुकड्यात ड्रिलने भोक पाडून पाहिले. पांढरे पीठच पडले.

मला त्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जे सांगितले, ते २०१८ मध्येच कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. एकच डोळा असणाऱ्याने नंबर नसला तरी जागेपणी कायम पॉलीकार्बोनेटचा चष्मा वापरावा, त्याची मध्यावरची जाडी किमान २ मिलिमीटर असावी आणि बाजूने कण शिरू नये म्हणून संरक्षक पट्टी असावी. कारखान्यात झेड ८७ ही सुरक्षा मानकाची खूण आणि त्यापुढे अधिकचे चिन्ह फ्रेमवर व काचेवर, दोन्हीकडे कोरलेले पाहूनच चष्मा घ्यावा, फ्रेम एका कंपनीची आणि काच गल्लीतली असे चालत नाही. मशीनवर त्यावर तोंडाची ढालही लावावी. ढाल असली म्हणून चष्मा काढू नये. पॉलीकार्बोनेटवर ओरखडे लवकर पडतात, म्हणून ओरखडलेली काच बदलावी. असा खरा चष्मा मला नंतर ३,६०० रुपयांत मिळाला.

तक्रारीचे काय झाले तेही सांगतो. पोलीस ठाण्यात माझा मराठी अर्ज वाचलाच नाही, कन्नडमध्ये आणा म्हणाले. तो करवून नेला, तेव्हा ही फसवणूक नसून खरेदीचा वाद आहे, ग्राहक आयोगाकडे जा, असे सांगितले. एका आरोग्य अधिकाऱ्याने चष्म्याची दुकाने आपल्या अखत्यारीत येत नाहीत म्हणून हात झटकले. दोन अर्जांसाठी अकरा चकरा झाल्या आणि प्रत्येक चकरीला अर्धा दिवस बुडाला, आणि तिथल्या एकाही माणसाने ती फुटलेली काच हातात घेऊन पाहिली नाही. उलट एकजण म्हणाला, "एवढा शिकलेला टर्नर, तुम्हाला कळलं नाही?" कळायला हवे होते हे मला ठाऊक आहे. पण विकणाऱ्याला न विचारता हा प्रश्न मला का विचारला?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावून तक्रार नोंदवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. काचेचे तीन तुकडे आणि ड्रिलमधून निघालेले पीठ मी एका पाकिटात सीलबंद करून ठेवले आहे. काच कशाची आहे याचा प्रयोगशाळेचा अहवाल आणा असे मला सांगण्यात आले आहे, आणि त्याचा खर्चही आधी मीच करायचा आहे.