‘पेर्नेम’ नव्हे, पेडणे : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गावच्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि एआय चॅट वापरायला लागलो, त्याला आता सात महिने झाले. भाषा बरी लिहितो, कंटाळत नाही. जत्रेतल्या नाटकांच्या जुन्या आठवणी मंडळी तोंडी सांगतात, मी मोबाइलवर टाईप करतो आणि तो त्यांचे परिच्छेद पाडून देतो. पण आज लिहायचंय ते त्याच्याकडून काम करून घेताना सापडलेल्या एका युक्तीबद्दल.

पहिल्या संदेशात मी पाच नियम घातले होते. त्यातला माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा हा : गावांची नावं आपल्या तोंडात आहेत तशी लिहायची. पेडणे, डिचोली, फोंडा, म्हापसा. पंचवीस-तीस संदेशांपर्यंत सुरळीत चाललं. मग एका परिच्छेदात डिचोलीच्या जागी ‘बिचोलिम’ अवतरलं. पुढच्यात ‘पेर्नेम’, त्यापुढे ‘पोंडा’. मी दरवेळी तेवढं नाव दुरुस्त करून घ्यायचो आणि दोन परिच्छेदांनी ते परत यायचं.

शेवटी वैतागून लिहिलं : ‘या संभाषणातला माझा अगदी पहिला संदेश जसाच्या तसा पुन्हा लिही. चुका सुधारू नकोस.’ पाचही नियम समोर आले, माझ्या ‘स्मरणीका’ या दीर्घ चुकीसकट. गंमत म्हणजे पुढचे सात-आठ परिच्छेद एकदम शुद्ध.

मला वाटलं, याला हे सगळं आठवत होतं आणि मुद्दाम आळस करत होता. मडगावचा माझा भाचा याच क्षेत्रात आहे. तो म्हणाला, ‘मामा, त्याला आठवत काही नाही. तुम्ही पाठवा दाबलं की पहिल्या ओळीपासून सगळी चॅट दरवेळी त्याच्यापुढे ठेवली जाते. तो ती वाचतो आणि पुढचा शब्द लिहितो.’ म्हणजे विसरभोळ्या लेखनिकापुढे दर वेळी अख्खी फाईल ठेवायची, तसा प्रकार. पहिला संदेश त्या फाईलच्या पहिल्या पानावर असतोच, आणि मागचा मजकूर बघून उतरवणं या मॉडेलना फार चांगलं जमतं. आत्ता लिहिलेला शब्द मागे कुठे आला होता ते शोधायचं आणि तिथे त्याच्यापुढे जे होतं तेच लिहायचं, अशी यंत्रणा त्यांच्या आत तयार होते. २०२१-२२ साली अँथ्रोपिक या एआय कंपनीच्या संशोधकांनी तिचं वर्णन ‘इंडक्शन हेड’ या नावाने केलं.

हे कळल्यावर माझा जुना त्रासही उलगडला. एकदा ‘बिचोलिम’ लिहिलं गेलं की तेही फाईलमध्ये जातं. माझा नियम तीस पानं मागे एकदाच, आणि ही चूक कालच्या-परवाच्या पानांवर चार-चारदा. तो मागचं बघून लिहिणार, तर जवळचं आणि वारंवार आलेलंच उचलणार. पहिला संदेश परत लिहून घेतला की नियम शेवटच्या पानावर, चुकांच्याही नंतर येतात. तेव्हापासून चूक दुरुस्त करून घेतली की लगेच नियमही उतरवून घेतो.

मात्र एकदा मी फसलो. मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांचा ढीगभर मजकूर एकाच चॅटमध्ये ओतला आणि नंतर पहिला संदेश मागितला. आला, अगदी सुबक. ‘स्मरणिका’ शुद्ध लिहिलेलं, नियम मात्र चारच, आणि त्यातला एक मी कधी दिलेलाच नव्हता! एका वेळी वाचायच्या मजकुराला मर्यादा असते. ती ओलांडली की काही अ‍ॅप सुरुवातीची पानं गाळतात किंवा त्यांचा सारांश करून ठेवतात. शिवाय तो मजकूर लहान तुकडे पाडून वाचतो आणि ही मर्यादा त्या तुकड्यांत मोजली जाते. आपल्या देवनागरीचे बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, त्यामुळे फाईल लवकर भरते. पान गेलं तरी तो ‘नाही’ म्हणेलच असं नाही. उरलेल्या मजकुरावरून पहिला संदेश कसा असेल हे ताडून लिहितो.

म्हणून आता पहिल्या संदेशाच्या शेवटी ‘खूण : काजू ७३ पाट’ असं काहीतरी निरर्थक लिहितो आणि ते पुढे कुठेच वापरत नाही. नुसती शुद्धलेखनाची चूक पुरत नाही, कारण संदेश समोर असतानाही तो ती सवयीने सुधारू शकतो. खूण अंदाजाने येणार नाही. ती नसली की मी नवी चॅट उघडतो आणि नियम आपल्या वहीतून चिकटवतो. नव्या चॅटमध्ये जुना पहिला संदेश मागण्यात अर्थ नाही, ती फाईलच वेगळी.

फोटो आणि पीडीएफच्या बाबतीत ही युक्ती मी वापरत नाही. मी लिहिलेली अक्षरं तो उतरवतो, पण फोटोतलं हस्ताक्षर त्याने जसं वाचलं तसंच येणार. आमच्या एका जुन्या हँडबिलावरचं ‘सौभद्र’ त्याने ‘सौभाग्य’ वाचलं आणि तीन वेळा विचारलं तरी ‘सौभाग्य’च सांगितलं. ते प्रूफ मी स्वतः बसून तपासलं.