काजू बीच्या कंटेनरचे कागद फोनने वाचताना: आठ महिन्यांचा अनुभव

आमचा कुडाळजवळ काजूचा छोटा कारखाना आहे. आपल्याकडची बी मार्च ते मेपर्यंत मिळते, पण ती वर्षभर पुरत नाही. म्हणून गेल्या वर्षीपासून आम्ही तीन कारखानदार मिळून पश्चिम आफ्रिकेतल्या, फ्रेंच चालणाऱ्या आयव्हरी कोस्टची बी मागवतो. अबिजान बंदरातून निघालेला कंटेनर न्हावाशेव्याला उतरतो आणि तिथून ट्रेलरने मुंबई-गोवा हायवेने खाली येतो. आठ महिन्यांत चार कंटेनर आले. त्यांचे कागद मी फोटो काढून भाषांतर करणाऱ्या ॲपमधून वाचले, त्याबद्दल हे लिहितेय. ॲपचं नाव देत नाही, कारण भाच्याच्या फोनमधलं दुसरं ॲपही त्याच जागी अडखळलं.

बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल जहाजावर घेतल्याची पावती. ते शिपिंग कंपनीचं असतं आणि इंग्रजीतच येतं. पॅकिंग लिस्ट मात्र तिकडचा व्यापारी बनवतो, ती फ्रेंचमध्ये. कीड मारायला दिलेल्या धुरीचं प्रमाणपत्रही बरंचसं फ्रेंचमध्येच. इंग्रजी कागद मला अडखळत का होईना वाचता येतो, फ्रेंचचा गंध नाही. ॲप घेतलं ते त्यासाठी.

पहिल्या दिवशी पॅकिंग लिस्टवर फोन धरला तर वरच्या चौकटीत 'चार्जर' आणि पुढे आमच्या विक्रेत्याचं नाव. भाच्याला वाटलं, मालासोबत मोबाईलचे चार्जर येतायत की काय! फ्रेंचमध्ये माल पाठवणाऱ्याला 'शार्जर' म्हणतात आणि फोनच्या चार्जरलाही तेच. बिल ऑफ लेडिंगवर 'शिपर' असतो तोच हा. त्याच्या खाली 'शिसे क्रमांक'. आम्ही घाबरलो, मालात शिशाची काही तपासणी झालीय का म्हणून. फ्रेंचमध्ये शिशाला 'प्लों' म्हणतात आणि कंटेनरच्या दाराला लावतात त्या सीललाही 'प्लों', कारण पूर्वी सील शिशाची असत. म्हणजे तो साधा सील नंबर. 'ग्रेनाज १९५' याचं 'धान्य १९५' झालं होतं. आपण 'किलोला किती बिया' म्हणतो तो हा आकडा. बी घेणाऱ्याला तो आधी बघायचा असतो, कारण आकडा जितका मोठा तितकी बी बारीक.

असल्या चुका हसण्यावारी जातात, कारण त्या चुका आहेत हे लगेच कळतं. मला महागात पडल्या त्या चुका अशा नव्हत्या. शब्द बरोबर होता, पण कुठल्या वस्तूबद्दल होता ते ॲपने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या कंटेनरची गोष्ट सांगते. मे अखेरीचा, चाळीस फुटी. पॅकिंग लिस्टवर ३१० गोण्या, एकूण वजन '२४ ८६२,५०० किलो', टार '३१०,००० किलो' आणि निव्वळ वजन '२४ ५५२,५०० किलो'. फ्रेंचमध्ये लिहिणारी माणसं हजाराच्या जागी मोकळी जागा सोडतात आणि आपण दशांशचिन्ह देतो तिथे स्वल्पविराम देतात. ॲपने जागा मिटवली, स्वल्पविराम आपल्या पद्धतीने लावले आणि एकूण वजन केलं २,४८,६२,५०० किलो, टार तीन लाख दहा हजार. दोन कोटींच्या वर किलो एका कंटेनरात मावत नाही हे शाळकरी पोरही सांगेल. तेव्हा स्वल्पविरामापुढचे तीन आकडे सोडले आणि कागद जुळला. ३१० गोण्यांचं ३१० किलो, म्हणजे गोणीमागे एक किलो गोणपाट. आपल्याकडे ज्याला बारदान म्हणतात तेच हे टार.

मग बिल ऑफ लेडिंग उघडलं. इंग्रजी कागद, त्यामुळे आकडे आपल्यासारखेच लिहिलेले: एकूण वजन २४,८६२.५०० किलो. पण कंटेनर नंबरच्या ओळीत आणखी एक टार होतं, इंग्रजीत टेअर, ३,७५०. ॲपने दोन्ही कागदांवर एकच मराठी शब्द दिला: 'रिकामे वजन'. भाच्याने एकूण वजनातून रिकामं वजन वजा केलं आणि रात्री साडेदहाला मला सांगितलं, "मामी, निव्वळ माल २१,११२ किलोच भरलाय. साडेतीन टन कमी पाठवलाय त्यांनी." मी तिथल्या तिथे विक्रेत्याला मेसेज टाकला. कसला, ते इथे लिहीत नाही.

सकाळी उरणच्या क्लिअरिंग एजंटला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, व्हीजीएम किती लिहिलंय?" व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं मोजून घेतलेलं एकूण वजन. १ जुलै २०१६ पासून जगभर नियम आहे की ते दिल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवायचा नाही. विक्रेत्याने पाठवलेल्या कागदांत तो आकडा होता: २८,६१२.५. आता ३,७५० त्यातून वजा केले की येतात २४,८६२.५. म्हणजे बिल ऑफ लेडिंगवरचं एकूण वजन हे गोण्यांसकट मालाचं. कंटेनरची पेटी त्यात धरलेलीच नव्हती. जे नव्हतंच ते आम्ही वजा केलं होतं. विक्रेत्याला माफीचा मेसेज फ्रेंचमध्ये करून पाठवला, तोही याच ॲपने. त्याने काय वाचलं देव जाणे, पण उत्तर प्रेमाचं आलं.

तेव्हापासून आमच्याकडे रीत अशी. 'टेअर' किंवा 'रिकामे वजन' दिसलं की आधी आकड्याचा अंदाज बघायचा. काहीशे किलो असेल तर बारदान, साडेतीन-चार हजारांच्या आसपास असेल तर चाळीस फुटी पेटी. आणि बेरीज जुळल्याशिवाय कुणाला फोन करायचा नाही.

त्याच कंटेनरच्या गोण्या आमच्या काट्यावर एकेक मोजल्या तेव्हा गोण्यांसकट २४,५९० किलो भरले. बारदान वजा केल्यावर २४,२८०. पॅकिंग लिस्टपेक्षा २७२ किलो कमी. पुन्हा भांडायचं का? पॅकिंग लिस्टवर ओलावा १० टक्के होता, आमच्या मीटरवर ९. बीतला कोरडा भाग धरला तर २४,५५२.५ चे ९० टक्के म्हणजे साधारण २२,०९७ किलो. ओलावा ९ टक्के झाला तर तेवढ्याच कोरड्या बीचं वजन सुमारे २४,२८३ व्हायला हवं. आमच्या आकड्यात तीन किलोचा फरक. पाणी उडालं होतं, माल नव्हता. हा हिशेब ॲप करणार नाही, पण ओलाव्याची ओळ त्याने नीट वाचून दिली हे कबूल करते. नाहीतर ती ओळ माझ्या लक्षात आली नसती.

फोटोबद्दल थोडं. लाईव्ह कॅमेऱ्यात आकडे नाचतात, त्यावर विश्वास ठेवू नका. कागद टेबलावर सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात फोटो काढा आणि मग भाषांतर करा. एजंटने व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर बारीक अक्षरं पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. जांभळा शिक्का आकड्यावर बसला असेल तर ॲप अंदाजाने आकडा टाकतं आणि अंदाज आहे असं सांगत नाही. फ्रेंचमधून थेट मराठी करण्यापेक्षा फ्रेंचमधून इंग्रजी जास्त बरं येतं. मी दोन्ही काढते. दोन्हीकडे अर्थ वेगळा आला की तीच ओळ एजंटला विचारायची.

हाताने लिहिलेले आकडे हा वेगळाच ताप. तिकडे १ लिहिताना वर लांब तिरकी रेघ काढतात, ॲपला तो ७ वाटतो. त्यांचा खरा ७ मध्ये आडवी रेघ असलेला असतो. तिसऱ्या कंटेनरला मी ड्रायव्हरला सील नंबर ॲपवरून वाचून दिला, तो दारावरच्या सीलशी जुळेना, आणि ड्रायव्हरने गाडी हलवायला नकार दिला. त्याचं बरोबरच होतं. मूळ कागद भिंगाने बघितला तेव्हा ॲपने वाचलेले दोन ७ हे खरे १ निघाले. कंटेनर नंबरात अशी चूक सहसा पकडली जाते, कारण त्याचा शेवटचा अकरावा आकडा आधीच्या चार अक्षरांवरून आणि सहा आकड्यांवरून हिशेबाने ठरतो. एक आकडा चुकला की शिपिंग कंपनीच्या ट्रॅकिंगवर नंबर सहसा सापडत नाही. सीलला तसं काही नाही. शिवाय कस्टमने तपासणीसाठी दार उघडलं तर जुनं सील जाऊन नवं लागतं, त्याचा नंबर कागदावर शोधून मिळणार नाही.

आता माल हाताळायच्या सूचना. गोण्यांवर आणि पॅकिंग लिस्टच्या तळाला त्या असतात. 'ओलाव्याला घाबरते' असं आलं, म्हणजे कोरड्यात ठेवा. हे कोकणात कुणी सांगायला नको. त्याखाली आलं 'कंस वापरू नका'. दुसऱ्या ॲपमध्ये 'क्रोशे वापरू नका'. फ्रेंच 'क्रोशे' म्हणजे आकडा, हमाल गोणीत अडकवून ओढतात तो हूक. चौकटी कंसालाही ते तोच शब्द वापरतात. मी हमालांसमोर क्रोशाचं वाचून दाखवलं तर म्हातारा मुकादम म्हणाला, "ताई, हूक मारू नको इतक्याच सांगा ना!" हूक मारला की गोणपाट फाटतं, बी सांडते आणि फाटक्या गोणीचं वजन कुणी मान्य करत नाही.

एका बाबतीत मात्र मी ॲपवर अजिबात विसंबत नाही, ती म्हणजे धुरीची सूचना. चौथ्या कंटेनरच्या प्रमाणपत्रात 'फॉस्फ्युर द अल्युमिनियम' होतं आणि खाली एक ओळ, जिचं मराठी आलं 'प्रवेशापूर्वी हवा द्या'. वाचणाऱ्याला वाटेल पंखा लावायचा. अर्थ असा की आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या होत्या. त्यांच्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि तो माणसाचा जीव घेतो. लसणासारखा वास येतो म्हणतात, पण वास आला नाही म्हणून वायू नाही असं नसतं. गोण्यांमध्ये राखाडी भुकटीच्या पुड्या सापडल्या तर हात लावायचा नाही. वायू मोजणाऱ्या माणसाकडूनच दोन्ही दारं उघडून घ्यायची, आपण लांब उभं राहायचं आणि त्याने आत जायला सांगेपर्यंत हमालाला चढू द्यायचं नाही. हमालांना घाई असते, गाडीवाल्याला त्याहून जास्त. आमच्या दारात त्या दिवशी ट्रेलर साडेतीन तास उभा राहिला, थांबण्याचे पैसे वेगळे लागले.

पाचपैकी गुण विचाराल तर तीन देईन. कागदात काय काय आहे हे दहा मिनिटांत कळतं, पूर्वी त्यासाठी दोन दिवस एजंटच्या मागे लागावं लागायचं. पण कस्टमला द्यायच्या बिल ऑफ एंट्रीसाठी मी एजंटला मूळ कागदच पाठवते, भाषांतर कधीच नाही. गोण्यांची संख्या किंवा वजन कस्टमच्या नोंदीशी जुळलं नाही तर दुरुस्तीचा व्याप आणि बंदरातलं भाडं आपल्याच माथी. पाचवा कंटेनर पुढच्या महिन्यात आहे. भाच्याने ऑफिसच्या भिंतीवर कागद चिकटवलाय: चार्जर म्हणजे पाठवणारा, शिसं म्हणजे सील, कंस म्हणजे हूक.